मदत हवी आहे: नववीच्या मराठी प्रगतिपत्रकाचे इंग्रजी भाषांतर, 'श्रेणी' आणि 'गणित भाग १' कसे लिहावे?

रानवाट
मुलीला पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करायचा आहे. विद्यापीठाने नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण आणि गणिताच्या अभ्यासक्रमाचा गोषवारा मागितला आहे. बोर्डाच्या गुणपत्रिका इंग्रजीतच आहेत, अकरावीचीही आहे. अडचण नववीची, कारण शाळा मराठी माध्यमाची. अनुवादकाच्या मसुद्यात 'इयत्ता नववी, प्रथम श्रेणी' याचे 'नाइन्थ ग्रेड, फर्स्ट ग्रेड' झाले आहे. 'जलसुरक्षा: श्रेणी ब' याचे नुसते 'ग्रेड बी' आणि 'अर्थनियोजन' या धड्याचे 'इकॉनॉमिक प्लॅनिंग'. काय काय बदलून घेऊ?

चौकट
सोपे आहे. टक्क्यांना २५ने भागा, जीपीए मिळतो. ८२ टक्के म्हणजे ३.२८. तो शेवटी लिहून टाका, त्यांना तेच हवे असते.

शब्दवेल्हाळ
चौकट, भागाकार बरोबर आहे, पण तो भाषांतरात घालू नका. त्या हिशेबाने आपले ३५ म्हणजे १.४ होतात आणि ७५, ज्याला आपण विशेष प्रावीण्य म्हणतो, ते फक्त ३. तिकडे साधारण ९०च्या पुढे 'ए' असतो, आपल्याकडचे गुणदान तसे नाही. कागदावर नसलेला आकडा भाषांतरात आला की बाकीच्या आकड्यांवरही शंका येते. रूपांतर विद्यापीठाला करू द्या.

रानवाट, घोळ 'श्रेणी' या एकाच शब्दाचा आहे. 'प्रथम श्रेणी' म्हणजे फर्स्ट क्लास. 'श्रेणी ब' म्हणजे ग्रेड बी. 'इयत्ता नववी'ला स्टँडर्ड नाइन लिहा, म्हणजे ग्रेड हा शब्द एकाच अर्थाने उरेल. मग शाळेच्या लेटरहेडवर मोजपट्टी मागा: ७५पासून विशेष प्रावीण्य, ६०पासून प्रथम, ४५पासून द्वितीय, ३५ला उत्तीर्ण. श्रेणीच्या विषयांची पट्टी वेगळी लिहून घ्या. तिथे 'अ' बहुधा ६०लाच सुरू होतो, त्यामुळे तो अमेरिकन 'ए' समजला जायला नको.

पाणपोई
माझा भाचा जर्मनीला गेला, तेव्हा ८२ टक्क्यांचे १.८३ झाले होते. १०० वजा ८२ म्हणजे १८, त्याला ३ने गुणून ६५ने भागायचे आणि १ मिळवायचा. शिवाय तिकडे एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे, प्रमाणपत्र लागते, ते आधी काढा.

शब्दवेल्हाळ
ते जर्मनीचे. तिथे कमी आकडा चांगला असतो. ६५ आला तो १०० आणि ३५ यांतल्या फरकातून. अमेरिकेसाठी ना ते सूत्र, ना एपीएस.

गोषवाऱ्यासाठी धड्यांची नावे मुळात भाषांतरित करूच नका. बालभारतीचे तेच पुस्तक इंग्रजी माध्यमात आहे आणि पीडीएफही मिळते. मुलगी नववीत होती त्या वर्षीची आवृत्ती घ्या आणि अनुक्रमणिका जशीच्या तशी उतरवा. 'अर्थनियोजन' तिथे 'फायनान्शियल प्लॅनिंग' आहे. अमेरिकन वाचक अल्जेब्रा आणि जॉमेट्री हे शब्द शोधतो, 'मॅथेमॅटिक्स पार्ट वन' वाचून त्याला काही कळत नाही. भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती. गुणपत्रकात नाव मूळचेच ठेवा, कंसात अल्जेब्रा लिहा.

तळटीप
कंस मला पटत नाही. मूळ कागदावर नसलेला शब्द प्रमाणित भाषांतरात कशाला? गोषवाऱ्याच्या शीर्षकात अल्जेब्रा लिहिले की पुरे.

शब्दवेल्हाळ
कंस चौकोनी ठेवून 'अनुवादकाची टीप' असे लिहिले तर चालते, असे माझे मत. पण शीर्षकाचा मार्ग जास्त निर्धोक आहे, हे मान्य.

रानवाट
आणखी एक. दहावीच्या सहा विषयांची बेरीज ५०३ येते, पण छापील एकूण ४३२ आहे, ५००पैकी. भाषांतर नसले तरी विचारतील ना?

शब्दवेल्हाळ
नक्की विचारतील. ही 'बेस्ट ऑफ फाइव्ह'. सर्वांत कमी गुणांचा विषय गाळतात. तिला कुठल्यातरी विषयात ७१ असणार, ५०३ वजा ७१ म्हणजे ४३२, म्हणून ८६.४० टक्के. सहाही धरले तर ८३.८३. मुख्याध्यापकांच्या पत्रात एक वाक्य टाका: टक्केवारी सहापैकी उत्तम पाच विषयांवर काढली आहे. नाहीतर कुणीतरी ५०३ला ६००ने भागून 'आकडे जुळत नाहीत' असा शेरा मारेल.

रानवाट
इंग्रजीत ७१ आहेत, बरोबर. शाळा म्हणते आम्हीच इंग्रजी प्रत देतो. मग अनुवादक लागेल का?

तळटीप
शाळेने शिक्क्यासह दिली तर बहुतेक ठिकाणी चालते. तरी मराठी मूळ प्रत सोबत द्या आणि प्रवेश कार्यालयाला एकदा मेल करून विचारा. मात्र घरच्या कुणी केलेले भाषांतर नको.

रानवाट
शेवटच्या ओळीत 'वर्गोन्नत' आहे. 'पास्ड' की 'प्रमोटेड'?

शब्दवेल्हाळ
'प्रमोटेड टू स्टँडर्ड टेन'. काही शाळा सगळ्यांनाच तसे लिहितात, काही फक्त कमी गुण असलेल्यांना. विषयवार गुण उत्तीर्ण असतील, तर ते शाळेच्या पत्रात वेगळे लिहून घ्या.