‘आम्ही तुमच्याकडे परत येऊ’: व्यवहाराच्या मेलमधले शब्दशः भाषांतर नेमके कुठे फसते?

दरपत्रक: पंप तयार करणाऱ्या एका कंपनीत विक्रेत्यांशी होणारा पत्रव्यवहार मी पाहते. मूळ मेल इंग्रजीत लिहिला जातो आणि त्याची मराठी व हिंदी रूपे आमच्याच विभागात तयार होतात. गेल्या महिन्यात सांगलीच्या एका विक्रेत्याला पाठवलेल्या मेलमध्ये ‘वुई विल गेट बॅक टू यू बाय थर्सडे’ हे वाक्य असे उतरले होते: ‘सुधारित दरांबाबत आम्ही गुरुवारपर्यंत तुमच्याकडे परत येऊ.’ आमचा प्रतिनिधी पंधरवड्यापूर्वीच त्यांच्या दुकानात जाऊन आलेला असल्यामुळे ‘परत येऊ’ यात त्यांना काहीच वावगे वाटले नाही. गुरुवारी त्यांनी बाहेरगावचे काम रद्द केले, तक्रारीचे दोन पंप दाखवण्यासाठी पुढे काढून ठेवले, आणि दुपारी आलेला नव्या दरांचा मेल उघडूनही पाहिला नाही, कारण माणूसच येणार होता. शुक्रवारी सकाळी फोन आला, ‘तुमचा माणूस आलाच नाही.’

गंमत म्हणजे त्याच मेलमध्ये ‘कीप अस इन द लूप’, म्हणजे ‘आम्हाला माहिती देत राहा’, याचे ‘साठ्याबाबत आम्हाला वर्तुळात ठेवावे’ असेही एक वाक्य झाले होते. हे कसले वर्तुळ, असे मात्र त्यांनी मेल मिळाल्याबरोबर फोन करून विचारले होते. एकाच मेलमधल्या दोन वाक्यांपैकी एकाबद्दल विचारणा झाली आणि दुसऱ्याबद्दल झाली नाही, असे का व्हावे?

शब्दवेल्हाळ: उत्तर सरळ आहे. इंग्रजी वाक्प्रचारांचे शब्दशः भाषांतर करूच नये. प्रत्येक भाषेचे वळण निराळे असते आणि परके वळण वाचकाला कळत नाही.

भाषांतरवाला: हे अर्धेच खरे आहे. ‘मैलाचा दगड’, ‘प्रकाश टाकणे’, ‘भूमिका बजावणे’, ‘लालफीत’ ही सगळी शब्दशः भाषांतरेच आहेत आणि त्यांनी कोणाचाही घोटाळा होत नाही. व्यवसायाच्या पत्रात ‘हा प्रकल्प म्हणजे पांढरा हत्ती आहे’ असे वाचून कोणी चाऱ्याची सोय करायला धावणार नाही, कारण कचेरीत हत्ती नसतो हे वाचकाला ठाऊक असते. शब्दशः अर्थ त्या जागी बसतच नाही, म्हणून तो दुसरा अर्थ शोधतो आणि सापडला नाही तर विचारतो. ‘वर्तुळात ठेवावे’चे हेच झाले. वाक्य निरर्थक वाटले म्हणून त्यांनी फोन केला, आणि त्यात आपले दोन मिनिटांपलीकडे नुकसान झाले नाही.

‘परत येऊ’ची गोष्ट उलटी आहे. मराठीत ते वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, अर्थाने पूर्ण आहे आणि विक्रेता व कंपनी यांच्या नेहमीच्या व्यवहारात चपखल बसणारे आहे. फक्त लिहिणाऱ्याला जे म्हणायचे होते ते त्यात नाही. वाचकाला शंका येण्याचे कारणच उरत नाही, त्यामुळे तो विचारत नाही, थेट त्याप्रमाणे वागतो. म्हणून मी मसुदा तपासताना विचित्र वाटणाऱ्या वाक्यांपेक्षा गुळगुळीत वाटणाऱ्या वाक्यांवर जास्त वेळ थांबतो. इंग्रजी बाजूला ठेवून, दुकानात बसलेला माणूस हे वाक्य वाचून उठेल आणि काय करील, एवढेच स्वतःला विचारतो.

निवृत्त शाखाधिकारी: आमच्याकडचे उदाहरण सांगतो. ‘दिवसअखेर’ हा बँकेत रोजच्या वापरातला शब्द आहे. त्या वेळी दिवसभराचे व्यवहार जुळवून बंद करायचे असतात. एकदा वरून आलेल्या मराठी पत्रात ‘दिवसाच्या शेवटी थकबाकीची वसुली हाच मुद्दा आहे’ असे वाक्य होते. शाखेतल्या एका तरुण कारकुनाने थकीत खात्यांची यादी संध्याकाळच्या आत तयार करून पाठवूनही दिली. मूळ इंग्रजीत ‘ॲट द एंड ऑफ द डे’ होते, म्हणजे ‘शेवटी मुद्दा वसुलीचा आहे’ एवढेच. ‘सरतेशेवटी’ लिहिले असते तर त्या मुलाचे जेवण चुकले नसते.

मुक्काम इंदूर: हिंदीतही हा प्रश्न आहे, आणि माझ्या मते ‘गोइंग फॉरवर्ड’ सर्वांत घातक आहे. त्याचे ‘आगे चलकर’ असे भाषांतर सर्रास होते. ‘आगे चलकर भुगतान ३० दिनों में करना होगा’ असे वाचणारा व्यापारी समजतो की हा नियम पुढे कधीतरी लागू होणार आहे, आज त्याची चिंता नाही. लिहिणाऱ्याला ‘अब से’ म्हणायचे असते. त्यामुळे पहिल्याच बिलावर उशिराचे व्याज लागले की वाद सुरू होतो.

भाषांतरवाला: मराठीत ‘पुढे जाऊन’चे तंतोतंत हेच होते. ‘ती पुढे जाऊन डॉक्टर झाली’ यात मधली दहा-पंधरा वर्षे गृहीत असतात. ‘पुढे जाऊन देयके ३० दिवसांत चुकती करावीत’ असे लिहिले, तर नियम कधीपासून लागू हेच हरवते. ‘इथून पुढे’ हा आपल्याकडे तयार असलेला शब्दप्रयोग नेमका तोच अर्थ देतो. पत्रात तर तारीखच घालावी, कारण ‘इथून’ म्हणजे पत्र लिहिल्यापासून की मिळाल्यापासून, हा वाद आणखी निराळा.

कोथरूडकर: या सगळ्यावर उपाय म्हणजे शुद्धलेखन. हल्लीच्या मेलमध्ये ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका असतात की अर्थ लागत नाही.

दरपत्रक: कोथरूडकर, आमच्या मेलमध्ये एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती, अडचण नेमकी तीच होती.

सभावृत्तांत: ‘टेबल’विषयी कोणीच कसे बोलले नाही? विधिमंडळाच्या कामकाजात कागदपत्रे ‘पटलावर ठेवणे’ म्हणजे ती सभागृहासमोर मांडणे. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेबल’ या क्रियापदाचा अर्थ विषय चर्चेसाठी मांडणे असा आहे, तर अमेरिकी इंग्रजीत तो बाजूला ठेवणे, पुढे ढकलणे असा आहे. अमेरिकेतल्या मुख्य कार्यालयाने ‘लेट अस टेबल धिस’ लिहिले आणि आपण ‘हा विषय पटलावर ठेवू’ असे लिहिले, तर वाचणारा चर्चेची तयारी करून बसणार, आणि तिकडे विषय बासनात गेलेला असणार. इथे शब्द नीट ओळखूनही चूक होते. ‘टेबलावर ठेवू’ लिहिण्यात आणखी एक जोखीम आहे, टेबलाखालची आठवण होते.

दरपत्रक: आता माझी खरी अडचण. मी त्या वाक्याच्या जागी ‘सुधारित दर गुरुवारपर्यंत कळवू’ असे सुचवले. आमच्या विक्री-प्रमुखांना ते मान्य नाही. त्यांचे म्हणणे, इंग्रजी वाक्य मुद्दाम मोघम आहे. त्यात उत्तर मिळेल असे आहे, पण ते दरच असतील असे नाही. ‘कळवू’ म्हणजे आपण दर देण्याचे कबूल केले. त्यांनी ‘पुन्हा संपर्क साधू’ सुचवले आहे.

भाषांतरवाला: त्यांची हरकत अगदीच चूक नाही, पण ‘संपर्क साधू’ लिहिल्यावर तो विक्रेता फोनची वाट पाहील आणि मेल पुन्हा न उघडलेला राहील. ‘दरांबाबतचा निर्णय गुरुवारपर्यंत मेलने कळवू’ असे लिहावे. निर्णय काय होईल याचे त्यात वचन नाही, आणि तो कोणत्या वाटेने येणार हे स्पष्ट आहे.

निवृत्त शाखाधिकारी: ‘कळवू’ने विक्री-प्रमुख घाबरतात याचे मात्र मला हसू आले. दोन मुलींच्या लग्नांत मी जितके ‘कळवतो’ ऐकले, त्यातल्या एकाचाही अर्थ वचन असा नव्हता. पोहे खाऊन, पत्रिका घेऊन, दारात चपला घालताना म्हटलेले ‘कळवतो’ म्हणजे नकार, हे आमच्या पिढीत कोणाला सांगावे लागत नसे. सांगलीचे ते गृहस्थ माझ्या वयाचे असतील, तर त्यांना ‘कळवू’ लिहिण्यापूर्वी तारीख ठळक करा.

दरपत्रक: ते सत्तरीचे आहेत.