वॉटर वेडिंग ४०० मिमी: हवेच्या पाइपचं तोंड मोजा

> "गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते, म्हणजे वॉटर वेडिंग, ते कंपनी ४०० मिमी म्हणते. जुना पुणे नाक्याकडे पाणी साचलं तर तेवढ्या पाण्यातून गाडी काढायची का?"

नाही. तो आकडा संथ पाण्याचा आणि अगदी हळू वेगाचा असतो. आधी बॉनेट उघडा. इंजिनसाठी बाहेरची हवा ओढणारा, एअर फिल्टरच्या डब्यातून निघणारा जाड पाइप हाताने चाचपत पुढे जा. त्याचं तोंड बहुधा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर असतं, काही गाड्यांत हेडलाइटच्या मागे खाली वळलेलं. गाडी सपाट जागी उभी करून जमिनीपासून त्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत टेपने मोजा.

समजा ६५ सेंमी आलं. ४० सेंमी पाण्यात वेग वाढवला की बंपरपुढे लाट उठते, समोरून एसटी आली तर तिची लाट वेगळी. मग २५ सेंमीचं अंतर सहज संपतं. माझ्या मते चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण ३० सेंमी, पाणी दिसलं की गाडी वळवावी. रात्री रस्त्यातला खड्डा दिसत नाही, तोही खोली वाढवतो.

पाण्यात गाडी बंद पडली तर कृपा करून पुन्हा स्टार्टर मारू नका. त्या पाइपमधून इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. टोइंग करून आणा आणि आधी फिल्टर काढून पाहा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू देऊ नका.