मदत हवी आहे: एक्सप्रेसवेवर पावसात गाडीचा मागचा भाग सरकला. टायर दोन बदलू की चार?

चाकोरी

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांना ताकद जाणारी, टायर १८५/६५ आर १५. एबीएस आहे, ईएससी नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याहून ठाण्याला निघाले होते. तळेगाव टोल सोडला आणि कामशेतच्या आधी जोराची सर आली. उजव्या लेनमध्ये होते, वेग ८५ ते ९०च्या मधे. रस्ता हळूच उजवीकडे वळतो तिथे दुभाजकालगत पाणी साचलं होतं. गाडी त्यात शिरली आणि मागचा भाग डावीकडे निघाला. ब्रेक मारला नव्हता. स्टिअरिंग शेवटपर्यंत हातात होतं, म्हणजे गाडी पुढून ऐकत होती आणि मागून नाही. पाणी संपल्यावर एक हिसका बसला आणि सरळ झाली. शेजारी बसलेल्या आईला वाटलं मी लेन बदलली.

पुढचे दोन टायर वर्षभरापूर्वी नवे घातलेत, मागचे जुनेच आहेत. आता एक दुकानदार म्हणतो चारही बदला आणि व्ही आकाराच्या नक्षीचे घ्या, पाणी लगेच फेकतात. नेहमीचा पंक्चरवाला म्हणतो मागचे अजून एक सीझन चालतील, पावसात फक्त हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवा म्हणजे पकड वाढते. कुणाचं ऐकू?

सारथी७१

ताई, पंक्चरवाला बरोबर बोलतोय. आम्ही जीप चालवायचो तेव्हा चिखलात हवा उतरवूनच जायचो. टायर पसरतो, जास्त रबर जमिनीला लागतं. आणि नवे टायर पुढे घातलेत तेही योग्यच. पुढून चालणारी गाडी, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा मोठा भार पुढे. मागची चाकं नुसती गडगडत येतात.

भिजलेला_स्कूटरवाला

सिंहगड रोडला पहिल्याच पावसात माझी स्कूटर अशीच गेली. तेल असतं रस्त्यावर. टायर नवा कोरा होता, वेग जेमतेम ३०. तेव्हा टायरला दोष देऊ नका, पहिले दोन-तीन पाऊस जपून चालवा एवढंच.

खाचखळगे

स्कूटरवाले भाऊ, तुमचं घसरणं वेगळ्या जातीचं. धूळ, तेल आणि थोडंसं पाणी यांचा पातळ लेप रस्त्यावर बसतो आणि कमी वेगातही पाय निसटतो. त्यात खाचा किती खोल आहेत यापेक्षा रबर किती मऊ आहे याला जास्त महत्त्व. चाकोरीताईंचा जुलैचा मुसळधार पाऊस, साचलेलं पाणी आणि नव्वदचा वेग. तिथे चाक पाण्यावर चढतं. स्कूटरचा टायर अरुंद आणि गोल, तो पाणी चिरत जातो, म्हणून तुम्हाला हा प्रकार सहसा भेटत नाही. तुमचे शत्रू म्हणजे रंगवलेले पट्टे आणि गटारांची झाकणं.

ताई, उत्तर द्यायच्या आधी दोन गोष्टी कळवा. सकाळी गाडी हलवण्याआधी चारही चाकांतली हवा, आणि खाचांची खोली. खोली मोजायचं छोटं गेज ऑनलाइन स्वस्तात मिळतं. मुख्य खाचांत आत, मधे आणि बाहेर अशा तीन ठिकाणी मोजा. खाचेच्या तळाशी मधेमधे छोटे उंचवटे दिसतील, त्यांच्यावर गेज टेकवू नका. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर हवा किती लिहिली आहे तेही बघा.

चाकोरी

मोजलं. स्टिकरवर चारही चाकांना ३३. सकाळी थंड टायरमध्ये पुढे २८, मागे २७. खोली पुढे सगळीकडे ६ मिमीच्या आसपास. मागे साधारण अडीच, पण मागच्या उजव्या टायरची आतली खाच १.९ आणि बाहेरची ३.१.

हवेचं मात्र कोडं आहे. मे महिन्यात पंपावर स्वतः उभं राहून ३३ भरून घेतली होती. कुठेही पंक्चर नाही.

खाचखळगे

कोडं सुटण्यासारखं आहे. मे महिन्यातली दुपार, गाडी चालवत पंपावर पोचलात. तेव्हा टायरच्या आतली हवा ५५-६० अंशांना असणार. त्या गरम टायरमध्ये ३३ भरली, ती जुलैतल्या २४ अंशांच्या सकाळी २८च्या जवळ येते. वर थोडी गळती धरा, कारण धडधाकट टायरमधूनही महिन्याला पॉइंटभर हवा जाऊ शकते. पंपवाल्याची चूक नाही, स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो इतकंच. नायट्रोजन भरला असता तरी तापमानाचा हिशेब हाच राहिला असता.

आता त्या वळणावर काय झालं ते बघू. साचलेल्या पाण्यात चाक कोणत्या वेगाला तरंगू लागेल याचं एक जुनं सूत्र आहे. नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून काढलेलं. पीएसआयमधल्या हवेचं वर्गमूळ घ्या आणि १६.७ने गुणा, वेग किमीमध्ये मिळतो. ३३ला उत्तर येतं ९६, २७ला ८७. तुम्ही नेमक्या ८५ ते ९०मध्ये होतात.

एक अट लक्षात घ्या. खाचा भरून वाहतील एवढं पाणी रस्त्यावर असेल तेव्हाच हे सूत्र लागू होतं, मग टायर गोटा असो की नक्षीचा. म्हणून पुढची चाकं तरंगली नाहीत. हवा त्यांच्यातही कमीच होती, पण ६ मिमीच्या खाचांत पाण्याला जायला वाट होती. अंदाज यावा म्हणून सांगतो, तुमचा टायर जमिनीवर सुमारे १४ सेंमी रुंद टेकतो. ३ मिमी पाणी आणि ताशी ९० धरले तर प्रत्येक चाकाला सेकंदाला दहा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे आंघोळीची एक बादली. मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग येतं, त्याला थोडं फोडलेलं पाणी मिळतं. पण वळणावर त्याची वाट थोडी वेगळी पडते, आणि अडीच मिमीची खाच लगेच भरते.

सारथीकाका, हवा उतरवण्याचा तुमचा अनुभव चिखलाचा आणि कमी वेगाचा, तिथे तो खरा आहे. डांबरावर किंवा काँक्रीटवर ९०ने जाताना उलटं होतं. पाण्याला रेटायला टायरच्या आतला दाबच असतो. तो कमी असला की टायरचा मधला भाग आत दबतो, नेमक्या मधल्या खाचा मिटतात आणि पाणी टायरखाली अडकतं.

सारथी७१

हवेचं मान्य. पण नवे टायर मागे? पुढची चाकं तरंगली तर वळवणार कशाने? आमच्या गॅरेजवाल्याने आयुष्यभर नवे पुढेच घातले.

खाचखळगे

काका, कोरड्या रस्त्यावर तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, ब्रेकचा मोठा वाटा पुढेच असतो. पण पुढचं चाक तरंगू लागलं की आधी कळतं. स्टिअरिंग हलकं होतं, चाकाच्या कमानीत आपटणाऱ्या पाण्याचा आवाज अचानक बदलतो, एक्सलेटर तोच असून इंजिन वर पळतं. पाय उचलला की गाडी हळू होते आणि साधारण सरळच जाते. मागचं चाक तरंगलं तर अशी कुठलीच सूचना नाही, हाताला सगळं ठीक वाटत असतं. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये तेच लिहिलंय. त्यातून गोल फिरण्यापासून गाडी परत आणणं सरावाच्या चालकालाही जड जातं. म्हणून बहुतेक टायर कंपन्या सांगतात की जास्त खोल खाचांची जोडी मागे.

घाटमाथा

माझ्या नव्या गाडीत ईएससी आहे, मग मला हे सगळं लागू नाही ना? आणि व्ही नक्षीचं राहूनच गेलं.

खाचखळगे

ईएससी एकेका चाकाचा ब्रेक लावून गाडी सावरतं. जे चाक पाण्यावर आहे त्याचा ब्रेक लावून काय हाती लागणार? एखादं-दुसरं चाक जमिनीवर असेल तर मदत होते, तेवढीच.

नक्षीबद्दल माझं मत दुकानदाराला आवडणार नाही. पाणी नेण्याचं मोठं काम गोल फिरणाऱ्या तीन-चार रुंद सरळ खाचा करतात. व्हीमुळे पाणी बाजूला लवकर निघतं हे खरं, पण दोन मिमीला आलेल्या व्हीपेक्षा आठ मिमीचा साधा नवा टायर पावसात केव्हाही चांगला. रबरात सुरीने चिरल्यासारख्या बारीक रेघा दिसतात त्या पातळ ओलाव्यासाठी. साचलेल्या पाण्यात त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि काही टायरांत त्या इतक्या उथळ असतात की अर्धा टायर झिजेपर्यंत नाहीशा होतात. व्ही टायरच्या बाजूवर बाण असतो. उलटा बसवला तर पाणी बाहेर फेकण्याऐवजी मधे ओढतो. मी दुकानांतून असे बसवलेले पाहिलेत, म्हणून गाडी ताब्यात घेताना बाण बघाच. आत-बाहेर वेगळी नक्षी असेल तर बाहेरच्या बाजूवर तसं लिहिलेलं असतं.

ताई, चारची गरज नाही. एकाच मापाचे, एकाच कंपनीचे दोन घ्या आणि मागे घाला. दुकानदार नवे पुढे आणि सहावाले मागे म्हणाला तरी वाद घालू नका, सहा आणि आठमध्ये फरक थोडा आहे. जोडी मात्र फोडू नका. रुंद टायर घालायचा मोह झाला तर आवरा, रुंद टायर पाण्यावर लवकर चढतो. कायद्याने १.६ मिमीपर्यंत टायर चालतो, म्हणजे तुमचे मागचे अजून कायदेशीरच आहेत. पण हायवेवर जाणाऱ्याने पावसाळ्यात तीनच्या खाली आले की बदलावेत असं मी म्हणेन.

भिजलेला_स्कूटरवाला

पाणी तिथेच का साचलं पण? काँक्रीटला तर चाकोऱ्याही पडत नाहीत.

खाचखळगे

उजव्या वळणाला रस्त्याचा उतार दुभाजकाकडे असतो, म्हणून सगळं पाणी उजव्या लेनकडे येतं. आणखी एक जागा म्हणजे वळण सुरू होतं किंवा संपतं तिथे, उतार एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाताना रस्ता मधेच क्षणभर सपाट होतो आणि पाण्याचा पातळ थर तिथून हलत नाही. मुसळधार पावसात मधली लेन आणि ७०, मला एवढंच जमतं. क्रूझ कंट्रोल बंद. चाक तरंगलंच तर पाय सावकाश उचलायचा, ब्रेक नाही, आणि स्टिअरिंग जायचंय त्याच दिशेला. फिरवून ठेवलंत तर चाक जमिनीला लागताच गाडी तिकडे झेपावेल.

चाकोरी

सगळ्यांचे आभार. हवा सकाळी घरच्या पंपाने ३३ केली. दोन टायर सांगितलेत, माप परवा येईल, तोवर गाडी शहरातच.

पण मागच्या उजव्या टायरची आतली बाजू का झिजली हे अजून कळलेलं नाही. अलाइनमेंटवाला म्हणतो या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलला अ‍ॅडजस्टमेंटच नसते, तसंच चालवा. दुसरा म्हणतो अ‍ॅक्सल वाकलाय, बदला.

सारथी७१

बदलायच्या आधी मागच्या चाकाचं बेअरिंग बघून घ्या. जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवा, ढिलं लागतंय का ते.

खाचखळगे

काकांचं आधी करा. मग मशीनवरचा मागच्या चाकांचा छापील रिपोर्ट मागून घ्या आणि दोन्ही बाजूंचे आकडे इथे टाका. अ‍ॅडजस्टमेंट नसली तरी मोजता येतं. डावी-उजवीकडे फरक निघाला तर दुसऱ्याचं म्हणणं तपासायला हवं. केवळ टायरवरून मी छातीठोक सांगणार नाही.