मदत हवी आहे: ऐरोलीच्या खाडीकाठी जेट्टीला तिरके पाईल घालावेत का?

ऐरोली_साईट: छोटी प्रवासी जेट्टी, 1000 मिमीचे सहा उभे पाईल. आडवा भार 30 टन (बोटीचा धक्का आणि प्रवाह). स्लॅबपासून तळापर्यंत 7 मीटर, खाली 9 मीटर चिखल, मग खडक. प्रत्येक पाईलवर डेकचे 40 टन. तपासणाऱ्यांनी चार पाईल 1:4 तिरके करून दोन जोड्या करायला सांगितल्यात. रिगवाला म्हणतो, मास्ट 1:6 च्या पुढे झुकत नाही. काय करू?

कोळीवाडा_72: घाला की! तिरक्यात मोमेंट येतच नाही. पाईलही बारीक होतो.

खडकफोड: डेकवरच्या आडव्या भाराने तिरक्यात मोमेंट कमी येतो, हे खरं, पण येतच नाही असं नाही. आधी उभ्यांचं बघा. फिक्सिटी चिखलात 7 मीटर खाली धरली तर लांबी 14 मीटर. डोकं स्लॅबमध्ये घट्ट असेल तर पाईलला 5 टन, मोमेंट 35 टन-मीटर, सरक साधारण 7 मिमी. काँक्रीटला तडे धरले तर दुप्पट. प्रवासी जेट्टीला हे चालतं.

तिरक्यांच्या दोन जोड्या उभ्यांपेक्षा कितीतरी ताठ, म्हणून जवळजवळ सगळा आडवा भार त्याच ओढून घेतात. 1:4 ला प्रत्येकी 31 टन, एकात दाब, दुसऱ्यात ताण. बोट उलट बाजूने ओढली की अदलाबदल. डेकचे 40 टन असल्यामुळे उचल येत नाही. 1:6 केलं तर तेच 46 टन होतात, म्हणजे डोक्याशी 6 टन ताण. खाली पाईलचं वजन तो भागवतं, पण डोक्याच्या सळया पूर्ण अँकरेजने डेकमध्ये गेल्या पाहिजेत.

घोडबंदर_बंगला: आमची कंपाउंड वॉल झुकतेय, तिला तिरके पाईल चालतील का?

खडकफोड: वेगळा धागा काढा दादा, मातीचा रिपोर्टही टाका.

ऐरोली, किनाऱ्याला भराव आहे का?

ऐरोली_साईट: हो, नुकताच 3 मीटर टाकलाय.

खडकफोड: मग खरी अडचण ही आहे. 1:4 चा पाईल खडकापर्यंत चारेक मीटर किनाऱ्याकडे जातो, म्हणजे भरावाखाली. चिखल बसत जातो आणि पाईलच्या पाठीवर भार टाकून त्याला वाकवतो. तो मोमेंट तुमच्या गणितात नाही. भराव उभ्या पाईललाही आडवा ढकलतो, पण वरून बसणारा चिखल त्याला सरळ खाली ओढतो, वाकवत नाही. जोडी घालायचीच तर दोन्ही पाईल किनाऱ्याला समांतर झुकवा, मात्र मग लंब दिशेचा भार सगळ्या पाईलना वाकूनच घ्यावा लागतो.

लायनर_ठाणे: एक साईटची गोष्ट. तिरक्यात केज खालच्या कडेला बसते आणि कव्हर जातं. खालच्या बाजूला रोलर स्पेसर जास्त बांधा. लायनरही चिखलात स्वतःच्या वजनाने वाकतो. गाईड फ्रेमशिवाय सोडू नका आणि केज टाकण्याआधी कल मोजा.

कोळीवाडा_72: एवढं असेल तर उभेच 1200 चे करा ना?

खडकफोड: चालेल, ताठरपणा दुपटीने वाढतो. पण भराव बसतोय किती, हे कळल्याशिवाय मी कशावरच सही करणार नाही. सेटलमेंट प्लेट लावल्यात का?

ऐरोली_साईट: नाही.

खडकफोड: आजच चार लावा. वाचन दर आठवड्याला घ्या, इथे टाका.