मदत हवी आहे: वटायला न गेलेला जुना चेक बँक जुळवणी पत्रकात ठेवायचा का?

आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा ३१ मार्चचा हिशेब जुळवतेय. कॅशबुकात बँकेची शिल्लक ८४,५०० रुपये, पासबुकात ९८,९६४.

पासबुकाशी एकेक नोंद ताडून पाहिली. बँकेने २३६ रुपये चार्जेस कापलेत आणि एका सभासदाने ३,२०० रुपये परस्पर एनईएफटीने भरलेत. दोन्ही पासबुकातूनच कळलं, म्हणून आधी कॅशबुकात नोंदवलं. शिल्लक झाली ८७,४६४. सभासदांचे ६,५०० रुपयांचे चेक ३१ तारखेला भरले, ते एप्रिलमध्ये जमा झाले. ते वजा केले. लिफ्टवाल्याला दिलेला १८,००० चा चेक अजून वटलेला नाही, तो मिळवला. बरोबर ९८,९६४ येतात.

पण लिफ्टवाल्याचा तो चेक १२ डिसेंबरचा आहे. चेकची मुदत तीन महिने, म्हणजे मार्चच्या मध्यालाच ती संपली. आता बँक तो घेणारच नाही, मग 'वटायचा बाकी' म्हणून तो पत्रकात कसा दाखवायचा? मला वाटतं, ३१ मार्चलाच उलटी नोंद करावी: बँक नावे, लिफ्टवाला जमा. म्हणजे कॅशबुकाची शिल्लक १,०५,४६४ होईल आणि त्याचं देणं ताळेबंदात दिसेल. आमचे खजिनदार काका म्हणतात, नवा चेक देऊ तेव्हा बघू, तोवर पत्रकात राहू दे.

सोसायटीचं ऑडिट केलेल्यांनी कृपया सांगा, ऑडिटर यातलं काय मान्य करतात? आणि उलट नोंदीआधी लिफ्टवाल्याकडून जुना चेक परत घ्यावा लागतो का?