प्रत्येकाला किमान एक वही: 286 की 84?

> फोटोतलं गणित: 10 सारख्या वह्या 4 मुलांत, प्रत्येकाला किमान 1. माझं उत्तर 13C3 = 286, पुस्तकात 84. कसं?

286 मध्ये काही मुलं रिकाम्या हाती राहतात. तारा म्हणजे एक वही आणि दांडी म्हणजे दोन मुलांच्या वाट्यांमधली सीमा धरली, तर तुमच्या मांडणीत `★★||★★★★★|★★★` हीसुद्धा धरली गेली आहे. दोन दांड्या चिकटल्या की मधल्या मुलाला शून्य, आणि दांडी टोकाला गेली की टोकाच्या मुलाला शून्य.

म्हणून आधी प्रत्येकाला एकेक वही देऊन टाका. उरल्या 6. आता 6 तारे, 3 दांड्या, एकूण 9 जागा: 9C3 = 84.

मला दुसरी वाट जास्त आवडते: 10 ताऱ्यांमध्ये 9 फटी, त्यातल्या वेगवेगळ्या 3 फटींत एकेक दांडी. शून्याला वावच उरत नाही.

शंका असेल तर 3 वह्या, 2 मुलं घेऊन हातानं मोजा: अटीशिवाय 4 प्रकार, अटीसह 2. वह्या वेगवेगळ्या असतील तर मात्र ही पद्धत चालणार नाही.