पन्नाशीचं भाषण नावांची यादी न होता कसं करू? मदत हवी आहे

येत्या रविवारी मला पन्नास पूर्ण होतायत. घरचीच साठेक माणसं, जेवणाआधी चार मिनिटं बोलायचंय. पहिला मसुदा मोठ्याने वाचला तर सत्तावीस नावं निघाली. बायको म्हणाली, "ही तर लग्नपत्रिका झाली." एवढं करून धाकट्या मावशीचं नाव राहिलंच होतं! यादी केली की राहिलेलं नावच सगळ्यांच्या लक्षात राहतं.

म्हणून सगळं खोडून एकच प्रसंग धरला. बारावीत नापास झालो त्या संध्याकाळी घरात कुणी काहीच बोललं नाही. आईने नेहमीसारखं पिठलं-भाकरी वाढली. दादांनी सायकलची किल्ली पुढे केली, "गिरणीतून दळण घेऊन ये." गरम पिठाचा डबा कॅरियरला बांधून परतताना मी रडलो. घरी पोचलो तेव्हा डोळे लाल होते, पण तोंडाला पीठ लागलंय असं म्हणून आईने पदराने पुसलं, बस्स. इथून "तुम्ही सगळ्यांनी मला असंच, न बोलता सांभाळलंत" असं म्हणत सगळ्यांकडे वळतो.

अडचण अशी की बायको आणि मुलं या प्रसंगात नाहीतच. त्यांना शेवटी एकेक वाक्य दिलं की पुन्हा यादी सुरू. त्यांच्यासाठी दुसरा छोटा प्रसंग जोडू, की याच धाग्यात त्यांना आणता येईल? शिवाय दादा आता नाहीत आणि आई समोर बसलेली असेल. माझा आवाज तिथे नक्की बसणार. दळण सुरुवातीलाच सांगून टाकू की शेवटी ठेवू?